दोन सह्यांची साक्ष

मृत्युपत्र लिहिणारा गृहस्थ आपली इच्छा कागदावर उतरवितो; परंतु ती इच्छा खरोखर त्याचीच होती काय, असा प्रश्न ज्या दिवशी निघतो त्या दिवशी उत्तर द्यावयास तो हयात नसतो. म्हणून त्याच्या वतीने बोलण्यासाठी कायद्याने निदान दोन साक्षीदार आवश्यक मानले आहेत. आपल्याकडे मात्र साक्षीदाराची सही हा केवळ उपचार समजला जातो. शेजारचे कोणी, दुपारच्या चहाला आलेले कोणी, ज्याला हाक मारता येईल त्याची सही घेतली की काम झाले, अशी समजूत असते. या समजुतीपायी एक खरे मृत्युपत्र कसे बुडता बुडता वाचले, ते येथे सांगावयाचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

इंदुरातील आमच्या जुन्या वस्तीत एक सेवानिवृत्त शिक्षक राहात. सारी गल्ली त्यांना गुरुजी म्हणे. पत्नी आधीच निवर्तलेली. दोन मुलगे, थोरला गावातच निराळा राहणारा व धाकटा पुण्यास स्थायिक झालेला. अविवाहित मुलगी शेवटपर्यंत वडिलांजवळ होती. गुरुजींनी मृत्युपत्र करून राहते घर मुलीस दिले, बँकेतील ठेवी दोघा मुलांत सारख्या वाटल्या, आणि कागदाची अंमलबजावणी करण्यासाठी एका जुन्या स्नेह्यांना व्यवस्थापक नेमले. साक्षीदार म्हणून शाळेतील एक सहकारी व गल्लीतले डॉक्टर यांच्या सह्या झाल्या. त्यानंतर चौदा महिन्यांनी गुरुजी वारले.

मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे ठरावीक मृत्युपत्रांना प्रोबेट घेणे दीर्घकाळ सक्तीचे होते. ती सक्ती घालणारे भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे २१३ वे कलम २०२५ साली वगळण्यात आले. इंदुरास तशी सक्ती पूर्वीही नव्हती. परंतु दोघा भावांनी बँकेकडे व नगर निगमाकडे लेखी हरकती घेतल्यामुळे ठेवी अडकल्या व घराचे नामांतरण थांबले. तेव्हा व्यवस्थापकांनी जिल्हा न्यायाधीशांपुढे प्रोबेटचा अर्ज करण्याचे ठरविले. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे ठरल्याचा न्यायालयाचा शिक्का. तो एकदा मिळाला की खरेपणाचा प्रश्न सर्वांपुरता मिटतो. हा अर्ज मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकासच करता येतो. कोणी नेमलेला नसेल तर लाभ मिळणाऱ्याने मृत्युपत्र जोडून व्यवस्थापनपत्र मागावयाचे असते.

अर्जात सांगावयाच्या गोष्टी १९२५ च्या या अधिनियमाच्या २७६ व्या कलमात दिल्या आहेत: मृत्यू केव्हा झाला, जोडलेला कागद हेच शेवटचे मृत्युपत्र आहे, ते विधिपूर्वक झाले आहे, मिळकत सुमारे किती आहे, आणि अर्जदार हाच नेमलेला व्यवस्थापक आहे. मूळ मृत्युपत्र अर्जासोबत द्यावे लागते. आपल्यासारख्या परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. गुरुजींचे मृत्युपत्र मराठीत होते आणि न्यायालयाचे काम हिंदीत चालते. म्हणून त्याचा भाषांतरकाराने सत्यापित केलेला अनुवाद जोडावा लागला.

शक्य असेल तेव्हा अर्जाखाली निदान एका साक्षीदाराचे सत्यापन लागते. त्याच्या ठरीव मजकुरात दोन पर्याय असतात. ‘मृत्युपत्रकर्त्याने सही करताना मी हजर होतो व ती करताना मी पाहिले’ हा पहिला. आणि ‘हे आपले मृत्युपत्र असल्याचे त्याने माझ्यासमक्ष कबूल केले’ हा दुसरा. जो लागू नसेल तो खोडावयाचा असतो. डॉक्टर गडबडीत होते. कारकुनाने टंकलिखित कागद पुढे केला, त्यात पहिला पर्याय तसाच राहिला होता, आणि डॉक्टरांनी न वाचता सही केली. पुढील सारा प्रसंग या न खोडलेल्या एका ओळीतून उद्भवला.

जाहीर नोटीस निघाली, नातेवाइकांना बजावण्यात आली आणि दोघा भावांनी कॅव्हेट दाखल केली. अशी हरकत आली की अर्जाचे रूपांतर दाव्यासारखे होते. व्यवस्थापक वादी आणि हरकतदार प्रतिवादी. भावांच्या हरकती तीन होत्या. सही वडिलांची नाही. असली तरी ती बहिणीने दबावाखाली करवून घेतली. आणि घर वडिलोपार्जित असल्याने ते देण्याचा वडिलांना अधिकारच नव्हता.

वादीच्या वकिलांनी साक्षीला एकट्या डॉक्टरांना बोलाविले. एक साक्षीदार तपासला तरी चालतो, असे पुराव्याचा कायदा सांगतो. १८७२ च्या कायद्यात हे ६८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६७ वे आहे. परंतु या सवलतीत एक मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या एका निकालात ती स्पष्ट केली. साक्षीदार एक चालेल, पण त्या एकाने स्वतःच्या सहीबरोबरच दुसऱ्या साक्षीदारानेही विधिपूर्वक सही केल्याचे सिद्ध केले पाहिजे. त्याला ते सांगता येत नसेल आणि दुसरा हयात व उपलब्ध असेल, तर दुसऱ्यालाही बोलावणे भाग आहे.

उलटतपासणीत प्रतिवादीच्या वकिलांनी विचारले, “आपण खोलीत गेलात तेव्हा कागदावर गुरुजींची सही होती?”

“होती.”

“आणि दुसऱ्या साक्षीदाराची?”

“तीही होती.”

“म्हणजे या दोहोंपैकी एकही सही आपल्या देखत झाली नाही?”

डॉक्टर क्षणभर थांबले व म्हणाले, “नाही.”

मग वकिलांनी त्यांच्यापुढे ते सत्यापन धरले. सही होताना पाहिली, असे तेथे स्पष्ट लिहिलेले होते. प्रामाणिक मनुष्य भर न्यायालयात खोटा दिसू लागला. मुलीने तर त्या दिवशी आशा सोडली.

वस्तुतः डॉक्टरांच्या उत्तराने मृत्युपत्र बाद होत नव्हते. ६३ व्या कलमाप्रमाणे दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. प्रत्येकाने एक तर कर्त्याला सही करताना पाहिलेले असावे, नाहीतर ‘ही सही माझी’ अशी कर्त्याची कबुली स्वतः ऐकलेली असावी. आणि प्रत्येकाने आपली सही कर्त्यासमक्ष केलेली असावी, एवढेच कायद्याचे मागणे आहे. फेरतपासणीत डॉक्टरांनी सांगितले की, दवाखाना उरकून त्यांना यावयास उशीर झाला. गुरुजींनी सहीवर बोट ठेवून “ही माझी सही, आता आपण करावी,” असे म्हटले, आणि मग त्यांच्यासमोर आपण सही केली. त्यांच्यापुरते साक्षांकन पुरे झाले. राहिली ती सहकाऱ्याची सही, आणि तिच्याविषयी डॉक्टर काहीच सांगू शकत नव्हते.

सहकारी हयात होते, पण वय ८६, चालणे बंद, आणि मुक्काम देवासला मुलाकडे. आजारी वा अपंग साक्षीदारासाठी न्यायालय कमिशन नेमते. वकील-कमिशनर दोन्ही पक्षांच्या वकिलांसह देवासला गेले व घरीच जबानी झाली. वृद्ध गृहस्थांनी क्रमाने सांगितले: गुरुजींनी सही केली तेव्हा मी समोर बसलो होतो, मग त्यांच्यासमोर मी सही केली, डॉक्टर आले तोवर मी तेथेच होतो, त्यांना गुरुजी काय म्हणाले ते मी ऐकले आणि त्यांची सही होताना पाहिली. या एकाच जबानीत दोन्ही साक्षांकने सिद्ध झाली.

“मृत्युपत्रातील मजकूर आपण वाचला होता काय?” असे त्यांना विचारले गेले. त्यांनी नाही म्हटले. यात काही बिघडले नाही. साक्षीदार सहीचा असतो, मजकुराचा नव्हे. पुढचा प्रश्न आला, “इतक्या वर्षांपूर्वीचे आपल्याला इतके कसे आठवते?” त्यांनी उत्तर दिले, “गुरुजींनी सही करण्यापूर्वी टंकलेखकाची शुद्धलेखनाची चूक काढली. ऱ्हस्वाचे दीर्घ केले आणि कडेला आद्याक्षरे लिहिली. मला हसू आले होते.”

मूळ कागद पाहण्यात आला. दुसऱ्या पानावर ती दुरुस्ती होती आणि समासात आद्याक्षरेही होती.

या लहानशा खुणेने दुसऱ्या हरकतीलाही उत्तर दिले. ज्याला लाभ मिळावयाचा तोच मृत्युपत्र करण्यात पुढे असेल, तर तो संशयाचा मुद्दा ठरतो, आणि संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे मांडणाऱ्यावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितले आहे. येथे टंकलेखकाला घरी बोलाविले ते मुलीनेच. पण गुरुजींच्या हस्ताक्षरातील कच्चा मसुदा पेटीत सापडला. कागद त्यांनी ऱ्हस्वदीर्घासह वाचला होता हे दिसले. पुढील चौदा महिने ते स्वतः बँकेत जात-येत होते, तरी मृत्युपत्र बदलावेसे त्यांना वाटले नाही. मुलांना ठेवी देऊन त्यांनी कोणाला वगळलेही नव्हते. बँकेतील सह्यांशी ताडून पाहता पहिली हरकतही टिकली नाही.

तिसऱ्या हरकतीविषयी न्यायालयाने निर्णय दिला नाही, आणि तेच योग्य होते. मृत्युपत्र खरे आहे की नाही, एवढेच प्रोबेटमध्ये ठरते. लिहून दिलेली वस्तू देणाऱ्याची होती की नव्हती, हे ठरत नाही. घर वडिलोपार्जित म्हणणाऱ्यास दिवाणी दाव्याची वाट मोकळी असते. प्रोबेट म्हणजे मालकीचा दाखला, असा समज करून घेणाऱ्यांची पुढे निराशा होते ती येथेच.

चार वर्षांनी प्रोबेट मिळाले. व्यवस्थापकांच्या मागे सहा महिन्यांत मिळकतीची यादी व वर्षभरात हिशेब देण्याचे काम लागले. थोरल्याने पुढे वाटणीचा दावा लावला. तो निराळा चालू आहे. धाकटा मात्र देवासची जबानी वाचून त्यातून बाजूला झाला. “ती चूक अण्णांनीच काढली असणार,” एवढेच तो बहिणीला म्हणाला.

गुरुजींनी सारे नीट केले होते. एक गोष्ट राहिली. दोघा साक्षीदारांना त्यांनी एकाच वेळी समोर बसविले असते, तर डॉक्टरांची एकट्याची साक्ष पुरली असती. ज्यांना मृत्युपत्र करावयाचे आहे त्यांनी साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, शक्यतो गावातच राहणारे व मृत्युपत्रात लाभ नसलेले निवडावेत, दोघांना एकत्र बोलवावे, आणि सहीखाली पूर्ण नाव, पत्ता व तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी. आणि पुढेमागे कोणाच्या अर्जाखाली सत्यापनाची सही करण्याचा प्रसंग आला, तर त्यातील दोन पर्यायांपैकी कोणता खोडावयाचा, हे पाहूनच सही करावी.