रंग चढवणे आणि रंग उतरवणे

केस पिकू लागलेल्या डोक्याला नुसती मेंदी लावली, की धुतल्यावर त्याच डोक्यावर दोन निकाल दिसतात. पांढरे झालेले केस लालसर नारिंगी होतात आणि काळे केस काळेच राहतात. फार तर उन्हात त्यांच्यावर तांबूस झाक येते. मेंदी तीच, लावणारा हात तोच, वेळही तेवढाच. मेंदीतला लॉसोन नावाचा रंगद्रव्याचा कण दोन्ही केसांच्या प्रथिनाला सारखाच चिकटलेला असतो. पांढऱ्या केसावर तो दिसतो, काळ्या केसावर दिसत नाही, एवढाच फरक. काळ्या केसांवर फिका रंग का चढत नाही, याचं उत्तर घरोघरी दिसणाऱ्या या दृश्यातच आहे.

रंगद्रव्य म्हणजे उजेडाचा काही भाग शोषून घेणारा पदार्थ. सोनेरी डाय निळा-जांभळा उजेड शोषतो आणि उरलेला परत पाठवतो, म्हणून तो सोनेरी दिसतो. पण त्यासाठी परत पाठवायला उजेड उरलेला असावा लागतो. काळ्या केसातलं नैसर्गिक रंगद्रव्य जवळजवळ सगळाच उजेड आधीच शोषून घेतं. त्यात सोनेरी डायची भर घातली तर केस आणखी थोडा उजेड शोषेल, कमी नाही. काळ्या कागदावर पिवळा जलरंग फिरवला तर कागद ओला होतो, पिवळा होत नाही, तसंच हे आहे. भिंतीला देतात तो ऑइलपेंट खालचं झाकतो. केसांचा डाय झाकत नाही, तो पारदर्शक असतो. डायमुळे केस उजळतील ही अपेक्षा बहुधा डायला भिंतीच्या रंगासारखं समजण्यातून येते.

हे नैसर्गिक रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या पारदर्शक खवल्यांचं आवरण असतं. त्याच्या आत केराटिन प्रथिनाच्या तंतूंचा जाड गाभा असतो आणि मेलॅनिनचे बारीक कण त्या गाभ्यात विखुरलेले असतात. केसाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक ते तीन टक्के, पण केसाचा सगळा रंग त्यांचाच. त्यांचे दोन प्रकार आहेत: काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि लाल-पिवळा फिओमेलॅनिन. भारतीय काळ्या केसात पहिल्याचं प्रमाण खूप जास्त असतं. सलूनमध्ये केसांचा गडदपणा १ ते १० अशा लेव्हलमध्ये मोजतात. १ म्हणजे काळाभोर, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ च्या दरम्यान येतात.

बाजारात मिळणारा पक्का डाय दोन भागांत येतो आणि दोघांची कामं वेगळी आहेत. ट्यूबमधल्या क्रीममध्ये पीपीडीसारखे लहान, जवळजवळ रंगहीन रेणू असतात आणि सोबत अमोनिया किंवा तसाच एखादा अल्कली असतो. बाटलीत डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं पातळ द्रावण. दोन्ही एकत्र झाले की अल्कलीमुळे केस फुगतो, खवले उचलले जातात आणि लहान रेणू गाभ्यात शिरतात. तिथे पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू तयार होतात. मोठे झाल्यामुळे ते आल्या वाटेने सहज बाहेर पडू शकत नाहीत. रंग चढतो तो असा.

याच वेळी पेरॉक्साइड दुसरंही एक काम करत असतं. अल्कलीच्या संगतीत ते मेलॅनिनच्या कणांवर हल्ला करतं, त्यांचे तुकडे पाडतं आणि त्यांचा रंग नष्ट करतं. म्हणजे पक्क्या डायने केस थोडे उजळतात हे खरं, पण ते उजळणं डायचं नव्हे, पेरॉक्साइडचं असतं. डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असे आकडे असतात. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. त्या द्रावणाच्या एका लिटरमधून साधारण २० लिटर ऑक्सिजन सुटू शकतो. डायबरोबर २० व्हॉल्यूम वापरला तर कधीही न रंगवलेले केस साधारण एक-दोन लेव्हल उजळतात, ३० व्हॉल्यूमने दोन-तीन. त्यापलीकडे डायची मजल फारशी जात नाही, कारण पेरॉक्साइडची बरीचशी ताकद डायचे रेणू जोडण्यातच खर्च होते.

आता एक उदाहरण घेऊ. खांद्यापर्यंतचे, कधीही न रंगवलेले, लेव्हल २ चे केस आहेत. खोक्यावर लेव्हल ८ चा सोनेरी रंग छापलेला आहे आणि आत २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर आहे. सूचनेप्रमाणे अर्धा-पाऊण तास ठेवून केस धुतले. पेरॉक्साइडने केस लेव्हल ३ किंवा ४ पर्यंत आणले आणि थांबलं. त्या टप्प्यावर काळा-तपकिरी भाग थोडा कमी झालेला असतो आणि त्याखाली दडलेला लाल उघडा पडतो. सोनेरी डाय या गडद लालसर तपकिरीवर चढतो आणि त्यात दिसेनासा होतो. घरात हे केस जवळपास पूर्वीसारखेच काळसर दिसतात, उन्हात तांबूस. टाळूलगतचा एक-दोन सेंटिमीटरचा पट्टा मात्र बाकीच्या केसांपेक्षा उजळ आणि जास्त लाल दिसतो, कारण टाळूच्या उबेने तिथे रसायनाचं काम जोरात झालं. त्याच डोक्यात पाच-दहा पांढरे केस असतील तर तेवढेच खोक्यावरच्या चित्राप्रमाणे सोनेरी होतात, कारण तिथे आड येणारं मेलॅनिन नव्हतं. डाय बनावट असल्याची शंका अशा वेळी येते, पण ते सोनेरी झालेले पाच-दहा केसच डाय चांगला असल्याचा पुरावा असतात.

लेव्हल २ वरून ८ वर जायचं तर मेलॅनिन आधी काढावं लागतं आणि ते ब्लीचचं काम आहे. ब्लीच पावडरमध्ये अमोनियम किंवा पोटॅशियमचं परसल्फेट आणि जोरदार अल्कली असतो. ती डेव्हलपरमध्ये, सहसा एकास दोन प्रमाणात, कालवतात. यात डाय नसतो, त्यामुळे सगळी ताकद मेलॅनिनवर लागते. मधल्या लांबीला आणि टोकांना मिश्रण आधी लावतात आणि टाळूलगतचा भाग शेवटी, नाहीतर वर सांगितलेला उजळ पट्टा इथे जास्तच ठळक उमटतो.

ब्लीच लावलेली बट दर काही मिनिटांनी पुसून पाहिली तर रंग कसा उतरतो ते पायरी-पायरीने दिसतं. काळा आधी लालसर तपकिरी होतो, मग लाल, मग नारिंगी. नारिंगीचा सोनेरी-पिवळा होतो आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा. हा क्रम चुकत नाही, कारण युमेलॅनिन पेरॉक्साइडपुढे लवकर हार मानतं आणि लाल-पिवळं रंगद्रव्य जास्त चिवट असतं. फिक्या पिवळ्यापुढे जाण्याचा प्रयत्न करू नये. तिथे उरलेला पिवळेपणा काहीसा केराटिनचाच असतो आणि तो काढू गेलं तर केसच जातो.

केस किती झिजला हेही त्याच बटेवरून कळतं. केराटिनच्या तंतूंना घट्ट बांधणारे गंधकाचे बंध असतात आणि ब्लीच मेलॅनिनसोबत तेही तोडतं. एक ओला केस दोन चिमटीत धरून हलकेच ताणावा. निरोगी केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर परत येतो. लिबलिबीत होऊन लांबतच गेला किंवा तुटला, तर रंग नारिंगीवर असला तरी तिथेच थांबावं. म्हणूनच काळ्याभोर केसांना फिका सोनेरी करताना जाणकार कारागीर मधे काही आठवडे सोडून दोन-तीन बैठका घेतो. एका बैठकीत ४० व्हॉल्यूमने सगळं उरकण्याचा हट्ट केसांना आणि टाळूला दोघांनाही महागात पडतो.

ब्लीचनंतर टोनर येतो आणि इथे पुन्हा काम बदलतं. टोनर उजळत नाही, चढतो. त्यातला जांभळा पिवळ्याला मारतो, निळा नारिंगीला. पण मारतो म्हणजे आणखी थोडा उजेड शोषून तो रंग बोथट करतो, त्यामुळे केस किंचित गडदच होतात. नारिंगीवर अडकलेल्या केसांवर निळा टोनर लावला तर छान तपकिरी मिळेल. फिका सोनेरी मिळणार नाही. त्यासाठी आधी फिक्या पिवळ्यापर्यंत उतरलेलंच हवं. टोनर काही आठवड्यांच्या धुण्यात निघून जातो आणि पिवळेपणा पुन्हा डोकं वर काढतो. ते उरलेलं मेलॅनिन आहे, नव्याने आलेलं नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे आधी काळा डाय लावलेले केस. काळ्यावर तपकिरी डाय लावला की तपकिरी होईल, असं वाटतं. पण गाभ्यात अडकलेले जुन्या डायचे मोठे रेणू नव्या डायमधल्या सौम्य पेरॉक्साइडला फारसे दाद देत नाहीत. परिणाम असा, की मुळाशी नवे आलेले, न रंगवलेले केस दोनेक लेव्हल उजळून तांबूस होतात आणि खालची लांबी काळीच राहते. यावर कलर रिमूव्हर मिळतो. तो पेरॉक्साइडच्या उलट वाटेने जातो, डायचे जोडलेले रेणू पुन्हा लहान करतो आणि ते धुऊन बाहेर काढावे लागतात. धुण्यात कसूर झाली तर उरलेले रेणू हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा जुळतात आणि दोन-तीन दिवसांत केस पुन्हा काळवंडतात. मेलॅनिनवर रिमूव्हरचा परिणाम होत नाही. शिवाय पहिल्या डायच्या वेळी पेरॉक्साइडने जेवढं मेलॅनिन खाल्लं, तेवढी तांबूस झाक खाली दिसते. काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बहुतेकदा पीपीडीच असतं. काहींत धातूंचे क्षारही असतात आणि ते पेरॉक्साइडशी गाठ पडताच केस तापवतात. त्यामुळे ब्लीचआधी कापलेली एक बट अमोनियाचे थोडे थेंब घातलेल्या २० व्हॉल्यूममध्ये अर्धा तास बुडवून पाहावी. द्रावण गरम झालं किंवा फसफसलं तर त्या केसांना ब्लीच लावू नये.

उतरवलेलं मेलॅनिन त्या केसात परत येत नाही. केस हा मृत तंतू आहे आणि मेलॅनिन फक्त टाळूखालच्या मुळात तयार होतं. तिथून महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर नवा काळा केस वर येत राहतो. त्याला जुळवून घेताना ब्लीच फक्त त्या नव्या सेंटिमीटरपुरतंच लावायचं असतं. ब्रश आधीच उतरवलेल्या केसांवर सरकला तर तिथे खायला मेलॅनिन उरलेलं नसतं, पेरॉक्साइड थेट केराटिनला लागतं, आणि काही दिवसांनी केस नेमका त्याच सांध्यावर तुटतो.