चिलटे मारून संपत नाहीत, ती जन्मतात कुठे ते शोधा

वस्तीत आरोग्यभेटीला गेलो की ताप, खोकला, रक्तदाब यांची विचारपूस होते, गोळ्या तपासल्या जातात, आणि निघताना दारात एखादी ताई हळूच विचारते, "सिंकवर ती बारीक पाखरं सारखी येतात हो, काय करू?" आवाज खाली जातो, कारण चिलटे म्हणजे घर अस्वच्छ असा समज आहे. खरे तर रोज दोनदा ओटा पुसणाऱ्या घरातही ती आम्ही पाहतो. ओट्यावर ती फक्त बसतात. जन्मतात दुसरीकडे, आणि ती जागा सहसा डोळ्यांआड असते.

स्प्रे मारला की उडणारी माशी मरते. अंडी आणि अळ्या आपल्या जागी तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी बाहेर येते. आपल्याला वाटते, ती परत आली. प्रत्यक्षात ती गेलेलीच नसतात.

माशा दोन, घरे दोन

स्वयंपाकघरात दिसणाऱ्या बारीक माशा बहुतेक वेळा दोन प्रकारच्या असतात. दोघींना एकच औषध लावतो, तिथेच गडबड होते.

पहिली म्हणजे फळावरचे चिलट. साधारण तीन मिलिमीटरचे, पिवळसर तपकिरी, आणि नीट पाहिले तर बऱ्याचदा लाल डोळ्यांचे. ते फळाभोवती घिरट्या घालत राहते. त्याला ताजे फळ नको असते, आंबू लागलेले हवे असते. आंबण्याबरोबर जे किण्व वाढते त्यावर त्याच्या अळ्या पोसतात. म्हणून केळे नसले तरी बटाट्याच्या टोपलीत तळाशी सडलेला एक बटाटा, कचऱ्याच्या डब्याच्या बुडाशी साचलेले पाणी, कायम ओले राहणारे पोतेरे किंवा तळाशी घोटभर सरबत राहिलेली बाटली त्याला पुरते. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून माशी व्हायला आठ ते दहा दिवस लागतात आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालते.

दुसरी मोरीतली माशी. ही करड्या रंगाची, केसाळ, छोट्या पतंगासारखी दिसते. बसताना पंख घराच्या छपरासारखे ठेवते. तिला फार उडता येत नाही, म्हणून मोरीजवळच्या भिंतीवर निवांत बसलेली सापडते आणि चिरडली तर राखेसारखा डाग पडतो. तिच्या अळ्या पाइपाच्या आतल्या बुळबुळीत काळ्या थरात राहतात. साबण, तेल, अन्नाचे कण, केस आणि जंतू मिळून हा थर बनतो. अंड्यापासून माशी होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात.

दोन्ही चावत नाहीत. डेंगी किंवा मलेरिया या माशांमुळे होत नाही. पण चिलट कचऱ्यावरून उठून कापलेल्या फळावर बसते, तेव्हा पायांबरोबर जंतू येऊ शकतात. मोरीतल्या माशा फार झाल्या तर त्यांच्या केसांचा आणि मेलेल्या अंगांचा भुगा दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकतो. घरात दम्याचे माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर दुर्लक्ष करू नये, आणि घाबरून विषारी फवारेही मारू नयेत.

आधी तपास, मग उपाय

तपासाला रुंद चिकटपट्टी पुरते. रात्री सगळे काम झाल्यावर सिंकच्या भोकाभोवतीची जागा कोरडी करा. चिकट बाजू खाली ठेवून भोकावर पट्टी आडवी लावा, भोक पूर्ण बंद करू नका, दोन्ही बाजूंना थोडी हवा राहू द्या. मोरीच्या जाळीवरही तशीच पट्टी लावा. सकाळी पट्टी उलटून बघा. खालून वर येणारी माशी पट्टीला चिकटलेली दिसते. रोज सारख्याच माशा बाहेर पडत नाहीत, म्हणून एका रात्रीवर निकाल देऊ नका. चार रात्री हे करा.

फळे-भाज्यांसाठी वेगळी युक्ती आहे. प्रत्येक टोपलीतला माल पारदर्शक पिशवीत भरून तोंड बांधा आणि दिवसभर ठेवा. ज्या पिशवीत आतून चिलटे फिरताना किंवा पांढऱ्या बारीक अळ्या दिसतात, ती टोपली तपासायची.

एका घराची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच माणसांच्या एका घरी गेलो. दुसरा मजला, ओट्यावर स्टीलचे सिंक, त्याला पांढरा वळ्यांचा पाइप, आणि तो पाइप कोपऱ्यातल्या मोरीच्या भोकात नुसता सोडलेला. ताईंनी दोनदा स्प्रे मारला होता, एकदा पातेलेभर उकळते पाणी ओतले होते, आणि आठवडाभर घरात केळी आणलीच नव्हती. तरी माशा होत्या.

चार रात्री पट्ट्या लावल्या. सिंकच्या पट्टीवर चार रात्रींत मिळून एकच माशी. मोरीच्या पट्टीवर पहिल्याच रात्री अकरा, सगळ्या करड्या आणि केसाळ. टोपल्यांच्या पिशव्यांत कांदे कोरडे निघाले. बटाट्याच्या पिशवीत मात्र चिलटे होती. टोपलीच्या तळाशी वर्तमानपत्राला चिकटून एक बटाटा पाणी सुटून बसला होता. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात दोन माशा होत्या आणि दोघींची घरे वेगळी होती. सिंकवर त्या दिसत होत्या, पण सिंक त्यांचे घर नव्हते.

बटाट्याचे काम अर्ध्या तासात झाले. खराब बटाटा आणि कागद पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर गेला, टोपली साबणाने घासून उन्हात वाळवली. उडत राहिलेल्या चिलटांसाठी वाटीत दोन बोटे व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून ठेवले. वासाने माशी येते आणि साबणामुळे पाण्यावर न तरता बुडते. व्हिनेगर नसेल तर पिकलेल्या केळ्याचा तुकडा पाण्यात कुस्करून चालतो, पण ते मिश्रण रोज फेकायचे, नाहीतर सापळ्यातच अळ्या होतात. सापळा उरलेल्या माशा गोळा करतो. टोपलीत सडका बटाटा असेल तर तो कितीही दिवस ठेवा, संपत नाही.

मोरीला वेळ लागला. जाळी काढली, आतली उपडी वाटी काढली. तिच्या आतून आणि कडेने काळा थर होता. तो बाटली धुण्याच्या लांब ब्रशने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढला. इथे ब्रशच लागतो. वरून ओतलेले काहीही त्या थरावरून घसरून जाते, अळ्या आत सुरक्षित राहतात. म्हणूनच ताईंच्या उकळत्या पाण्याचा उपयोग झाला नव्हता. त्यात प्लॅस्टिकच्या पाइपाचे सांधे उकळत्या पाण्याने सैल होतात ते वेगळेच. घासून झाल्यावर अर्धी बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून हळूहळू सोडला. हातमोजे घालूनच. आठवडाभर रोज रात्री शेवटचे काम म्हणून ब्रश आणि सोडा चालू ठेवला.

वळ्यांचा पाइप काढला तेव्हा प्रत्येक वळीत तोच थर होता. तो पूर्ण साफ होत नाही, म्हणून साधा गुळगुळीत पाइप बसवला. शेवटी पाइप आणि मोरीचे भोक यांच्यामधली फट जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बंद केली. पुष्कळ घरांत माशा या फटीतूनच वर येतात आणि आपण सिंक घासत बसतो.

पट्ट्या पुढेही लावल्या. चौथ्या दिवशी नऊ माशा होत्या. ताई म्हणाल्या, "एवढं करून काहीच फरक नाही." आम्ही थांबायला सांगितले. आधीच कोषात गेलेल्या माशा बाहेर पडणार होत्या आणि बाहेर पडलेली माशी दोनेक आठवडे जगू शकते. आठव्या दिवशी चार, पंधराव्या दिवशी एक, विसाव्या दिवसानंतर पट्टी कोरडी. आठवड्याने कंटाळून सोडले असते तर सगळे परत पहिल्यापासून.

हे मात्र करू नका

ब्लीच ओतून लगेच त्यावर संडास साफ करण्याचे आम्ल ओतणाऱ्या घरी आम्ही गेलो आहोत. या दोघांतून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो डोळे, घसा, छाती जाळतो, आणि दम्याच्या माणसाला थेट दवाखान्यात नेतो. चुकून झाले तर खिडकी-दार उघडून सगळ्यांनी आधी बाहेर पडावे.

सिंकमध्ये डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवयही घातक आहे. लहान मूल ती चॉकलेट समजून तोंडात घालते. काही बाळांच्या रक्तात जन्मापासून एका विकराची कमतरता असते, त्यांच्या लाल पेशी या गोळ्यांमुळे फुटतात आणि कावीळ होते. आईला ती कमतरता बहुधा माहीतच नसते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि थर जागेवरच राहतो. ते पैसे ब्रशवर खर्च करा.

घरातले सगळे केल्यावरही आल्या तर

तीन आठवडे नीट काम करूनही मोरीच्या पट्टीवर माशा येत असतील तर उगम बहुधा तुमच्या घरात नाही. वरच्या मजल्याचा पाइप भिंतीत गळत असेल, लादीखाली फुटला असेल किंवा खालचा चेंबर तुंबला असेल. भिंतीला ओल आणि वास, लादी दाबली की पाणी वर येणे, एकाच रांगेतल्या वरच्या-खालच्या घरांत एकाच वेळी माशा, या त्याच्या खुणा. मग शेजारच्या तीन-चार घरांनी एकाच रात्री पट्ट्या लावाव्यात. सकाळी पट्टी, तारीख आणि खोली क्रमांक यांचे फोटो एकत्र करून सोसायटीकडे किंवा पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. "माशा फार झाल्यात" या तोंडी तक्रारीवर घर साफ ठेवा असे उत्तर मिळते. कोणत्या पाइपातून किती माशा आल्या हे दाखवले की पाइप बघायला माणूस पाठवावा लागतो.

एकदा संपल्यावर दोन सवयी पुरतात. बाजारातून आणलेली फळे धुऊन, पुसून पातळ सुती कापडाखाली ठेवावीत, मोठ्या भोकांच्या जाळीतून चिलट सहज आत जाते. आणि आठवड्यातून एका रात्री मोरीची वाटी काढून ब्रश फिरवावा. जी मोरी वापरात नसते तिच्यात आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे, नाहीतर वाटीतले पाणी सुकते आणि गटाराचा रस्ता थेट घरात उघडतो.