वायपर अर्ध्या काचेवर का थांबतो?

पावसाळ्याच्या तोंडावर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एक तक्रार हमखास येते. वायपर स्लोवर चालतो, फास्टवर चालतो, पण बंद केला की जिथल्या तिथे थांबतो. पाती काचेच्या मधोमध उभी राहतात. ती खाली आणायची तर स्विच पुन्हा चालू करायचा आणि पाती तळाशी आली की नेमक्या क्षणी बंद करायचा. अशा वेळी ‘मोटर गेली’ असा निदानाचा शॉर्टकट घेतला जातो. पण दोन्ही वेगांवर नीट फिरणारी मोटर गेलेली नसते. तिचे कार्बन, गिअर आणि पाती हलवणारे लिंकेज शाबूत असल्याचा पुरावा समोरच फिरतो आहे. बिघाड असतो पाती घरी परत आणणाऱ्या वाटेत.

आपण स्विच बंद करतो तेव्हा वायपरचा करंट खरे तर तुटत नाही, त्याची वाट बदलते. मोटरच्या गिअरच्या डब्यात एक पार्क स्विच असतो. गिअरच्या चाकावर पितळी किंवा तांब्याची पट्टी आणि तिच्यावर घासणाऱ्या छोट्या पात्या, एवढाच त्याचा संसार. इग्निशन चालू असताना या पार्क स्विचला १२ व्होल्टची स्वतंत्र वायर येते. पाती तळाशी नसतील तर तो ही वीज स्टिअरिंगजवळच्या वायपर स्विचकडे पाठवतो, आणि तो स्विच ‘बंद’ स्थितीत ती मोटरच्या स्लो वायरकडे वळवतो. म्हणून मोटर फिरत राहते. पाती तळाशी पोचली की पट्टीतला खंड येतो, वीज तुटते आणि तीच वायर अर्थला जोडली जाते. त्याने मोटरला ब्रेक लागतो आणि ती जागीच थांबते.

आता एका जुन्या हॅचबॅकचे उदाहरण घेऊ. पाती मध्येच थांबलेली, इग्निशन चालू, वायपरचा स्विच बंद. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या अर्थला लावायची आणि मोटरचा कपलर न काढता मागच्या बाजूने वायरींना सुई लावायची. बोटे मात्र लिंकेजपासून दूर ठेवावीत, कारण संपर्क अचानक जुळला तर ते जोरात फिरते. सुई पहिल्यांदा पार्क स्विचला वीज आणणाऱ्या वायरवर. दिवा लागला नाही तर दोष फ्यूजमध्ये किंवा वायरिंगमध्ये. या गाडीत तो लागला. मग पार्क स्विचमधून बाहेर जाणाऱ्या वायरवर सुई टेकवली, तर दिवा गप्प. म्हणजे वीज मोटरच्या डब्यापर्यंत येते, पण आतली पट्टी ती पुढे देत नाही. इथे दिवा लागला असता आणि स्लो वायरवर लागला नसता, तर दोष स्टिअरिंगजवळच्या स्विचचा ठरला असता. वायरींचे रंग गाडीगणिक बदलतात, त्यामुळे त्या गाडीचा वायरिंग आराखडा जवळ असलेला बरा.

ही पद्धत साध्या वायरिंगच्या गाड्यांपुरती. ज्या नव्या गाड्यांत स्विच फक्त संदेश देतो आणि मोटर कंट्रोल युनिट चालवते, तिथे स्कॅनरच लागतो.

मोटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची आणि मोटरच्या क्रँकची जागा रंगाने खूण करून ठेवायची. ही खूण विसरली तर पुढे पाती भलत्याच जागी पार्क होतात आणि दोष मोटरच्या माथी येतो. गिअरचे झाकण उघडल्यावर या मोटरमध्ये दिसले घट्ट काळे ग्रीस आणि हिरवट गंज चढलेली पट्टी. जुने ग्रीस पुसायचे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि पट्टी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने चमकवायची. घासणाऱ्या पात्यांचा ताण गेला असेल तर त्या अगदी किंचित वाकवायच्या. पट्टी झिजून खड्डा पडला असेल तर मात्र घासत बसण्यात अर्थ नाही, तो भागच बदलावा.

पाती चालू असतानाच मध्ये अडकत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा संशय गंजलेल्या पिव्हटवर घ्यावा. लिंकेज मोटरपासून सोडून हाताने हलवा. ते जड जात असेल तर मोटरवर ताण येऊन ती तापते, काही मोटरींमधला सुरक्षा ब्रेकर करंट तोडतो आणि थोड्या वेळाने पाती आपोआप पुन्हा चालू लागतात. अशा गाडीत नवी मोटर बसवली तरी तीही तापणारच. एकच पाते हलत असेल तर लिंकेजचा प्लॅस्टिक बुश निसटलेला असतो.

जोडणी करताना वायपरचे हात शेवटी बसवायचे. आधी नुसती मोटर आणि लिंकेज चालवून स्विच बंद करायचा, ती आपली जागा धरून थांबली की मगच हात लावून नट कसायचे. चाचणी ओल्या काचेवर घ्यावी. पाती तळाशी न थांबता पुढे सरकून पुन्हा एक फेरी मारत असतील, तर ब्रेक लावणारा अर्थ अजून मिळत नाही असे समजावे.