ग्रुपवर पडलेली गाडी

'आपण गाडी घेऊया का?' फॅमिली ग्रुपवर एवढंच लिहिलं की पुढचे दोन दिवस काय होतं, ते बहुतेक घरांना ठाऊक आहे. काका एका मॉडेलचा व्हिडिओ टाकतात, भाचा सनरूफचा आग्रह धरतो, कुणीतरी अंगठा दाखवतं आणि विषय सकाळच्या सुविचारांखाली गाडला जातो. गाडीचं नाव आधी आलं की लोक बाजू घेतात. गरज काय आहे, हे मग कुणी विचारतच नाही.

म्हणून पहिल्या मेसेजमध्ये मॉडेलचं नाव नसलेलं बरं. उदाहरणादाखल एक घर घेऊ. आईबाबा साताऱ्याजवळच्या गावी, थोरला आणि धाकटा मुलगा पुण्यात एकाच सोसायटीत, बहीण लग्न होऊन नागपुरात. धाकटा लिहितो:

'आई, बाबा, दादा, वहिनी, ताई, गाडीचं बोलायचंय. महिन्यातून दोनदा गावी जाणं, आईला गुडघ्यासाठी दवाखान्यात नेणं आणि वहिनींचं ऑफिस, एवढी कामं आहेत. महिन्याला साधारण 700 किलोमीटर होतील. सगळं धरून दहा लाखांच्या वर जायचं नाही. प्रत्येकानं रविवारपर्यंत ताईला एकच गोष्ट कळवा, जी नसेल तर गाडी नकोच. गाडीचं नाव आत्ता कुणी सुचवू नका.'

यातला 'सगळं धरून' हा शब्द महत्त्वाचा, कारण जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. साडेआठ लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नोंदणीसाठी 11 टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे 93,500 रुपये. त्यात विमा धरा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. वर नोंदणी, फास्टॅग आणि किरकोळ खर्च. हिशेब दहा लाखांच्या अगदी उंबरठ्यापर्यंत येतो. शोरूममधून प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेलं कोटेशन मागावं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. त्यात ॲक्सेसरीजचं पॅकेज गुपचूप घातलेलं असेल तर तेही दिसतं.

आता पैसे. या घरात बाबा दीड लाख आणि दादा अडीच लाख देतात, उरलेले सहा लाख कर्ज. व्याज 9 टक्के धरलं तर पाच वर्षांसाठी महिन्याचा हप्ता 12,455 रुपये बसतो. सात वर्षं केली तर 9,653. हप्ता हलका दिसतो खरा, पण एकूण व्याज सुमारे 1 लाख 47 हजारांवरून 2 लाख 11 हजारांवर जातं. शोरूमचा माणूस सात वर्षांचाच आकडा आधी सांगतो, त्यात नवल नाही. पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि पुढच्या वर्षांचा विमा हे सगळं हप्त्याच्या वर.

मतदानासाठी ग्रुपमधला पोल सोयीचा वाटतो. पण त्यात कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि सासऱ्यांच्या पसंतीविरुद्ध सून बटण दाबेल, ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणूनच उत्तरं ताईकडे. तिला ही गाडी रोज वापरायची नाही आणि तिचे पैसेही नाहीत, त्यामुळे ती नावं न सांगता यादी ग्रुपवर टाकू शकते.

यादी आली ती अशी: आसन इतकं उंच हवं की आईला वाकून बसावं लागू नये, ट्रॅफिकसाठी ऑटोमॅटिक, सीएनजी, भारत एनकॅपचे चांगले स्टार, मागे वॉकर आणि दोन बॅगा मावतील एवढी डिकी.

सीएनजी आणि डिकी यांचं इथं जमत नाही. बहुतेक सीएनजी गाड्यांत टाकी डिकीतच बसते. काही कंपन्या दोन लहान टाक्या तळाशी बसवून जागा वाचवतात, पण त्यात ऑटोमॅटिक घ्यायची तर बजेट ताणलं जातं. महिन्याच्या 700 किलोमीटरमध्ये इंधनाची बचतही फार मोठी नाही, म्हणून सीएनजी सुटलं. उरलेल्या अटींत बसणाऱ्या तीन गाड्या राहिल्या आणि त्या तिन्हींत आई प्रत्यक्ष बसून उतरली. एकीचा दरवाजा सोसायटीतल्या खांबाशेजारच्या जागेत पुरता उघडेना. ही गोष्ट कुठल्याही रिव्ह्यूत सापडत नाही. त्यासाठी टेस्ट ड्राइव्हची गाडी पार्किंगमध्येच आणावी लागते.

उरलेल्या दोनांतली निवड हप्ता भरणाऱ्यांनी करावी, हे आधीच ठरलं होतं. बाबांना ते जरा खटकलं. पण दीड लाख त्यांचे असले तरी पाच वर्षं हप्ता दोघे भाऊ निम्मा निम्मा भरणार आहेत.

आरसीवर साधारणपणे एकाचंच नाव लागतं. कर्ज धाकट्याच्या नावावर, म्हणून गाडीही त्याच्याच. दादाचे अडीच लाख आणि निम्मा हप्ता यांचा कागद वेगळा करून दोघांनी सही केली; पुढं गाडी विकली तर त्याच प्रमाणात वाटणी. पेट्रोलसाठी साधी पद्धत ठरली: गाडी नेताना आणि आणून लावताना ओडोमीटरचा फोटो ग्रुपवर टाकायचा, महिनाअखेर ताई किलोमीटर मोजून कुणाचे किती ते कळवते.