सही कुणी केली होती?

१९८६ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. पीककर्जाच्या खात्यांवर वर्षअखेरीला शिल्लक कळवणारी पत्रं जायची. पत्राच्या तळाशी छापलेलं एक वाक्य असे : पंधरा दिवसांत हरकत न आल्यास ही शिल्लक आपणांस मान्य आहे असे समजण्यात येईल. एक दिवस एक म्हातारे शेतकरी काउंटरवर आले. त्यांच्या खात्यावर विम्याच्या हप्त्याचे ३१२ रुपये दोनदा नावे पडले होते. मी फाइल काढली, रवानगीची तारीख पाहिली आणि म्हणालो, "आबा, पत्र गेलं होतं. तुमची हरकत आली नाही, म्हणजे तुम्ही मान्य केलंत."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, पत्र इंग्रजीत होतं. मी गप्प होतो ते मान्य होतं म्हणून नव्हतो."

या वाक्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. पुढे निवृत्तीनंतर वाचनाला सवड झाली, तेव्हा लक्षात आलं, की हाच प्रश्न युरोपातली मोठी डोकी दोनतीनशे वर्षं सोडवत बसली होती. खातं मात्र फार मोठं होतं. सरकार कर घेतं, कायदे करतं, तुरुंगात टाकतं. हा अधिकार त्याला कुणी दिला? आपण दिला, असं म्हणायचं, तर सही कुठे आहे?

या वादाची सुरुवात टॉमस हॉब्जपासून करावी लागते. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटण्याआधीच, १६४० मध्ये, हा माणूस पॅरिसला निघून गेला. १६५१ साली त्याचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने वाचकाला एक कल्पना करायला सांगितली : राजा नाही, कोतवाल नाही, न्यायालय नाही. अशा निसर्गावस्थेत माणसं कशी वागतील?

हॉब्जचं उत्तर अनेकजण चुकीचं सांगतात. माणूस मुळात दुष्ट आहे, असं म्हणायची त्याला गरजच पडत नाही. त्याचा मुद्दा बरोबरीचा आहे. सगळ्यांत दुबळा माणूसदेखील सगळ्यांत बलवानाला झोपेत मारू शकतो, म्हणून कुणीच निर्धास्त नाही. शेजारी कदाचित सज्जन असेल, पण तो सज्जन आहे याची खात्री मला नाही आणि माझी त्याला नाही. मग शहाणा माणूसच आधी वार करील. लोभ आणि मानापमान यांची भर त्यात पडते, परंतु दोन भल्या माणसांनाही एकमेकांच्या अंगावर घालायला ही धास्ती पुरेशी असते. यातून सुटका एकच : सगळ्यांनी आपसांत ठरवायचं आणि आपापली हत्यारं एकाच्या हवाली करायची.

मत्स्यन्यायाची कल्पना आपल्याला परकी नाही. महाभारताच्या शांतिपर्वात अराजकाला कंटाळलेली माणसं आधी आपसांत नियम ठरवतात, मग ब्रह्मदेवाकडे जाऊन राजा मागतात. मनू पापाच्या भीतीने प्रथम नकार देतो. तेव्हा लोक त्याला पशू आणि सोनं यांचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग द्यायचं कबूल करतात. इथे सरळ देवघेव आहे. हॉब्जच्या करारात मात्र राजा सहीच करत नाही. करार प्रजेचा प्रजेशी. राजाने काहीच कबूल केलेलं नसल्यामुळे त्याच्याकडून करारभंगही होऊ शकत नाही. एवढंच नव्हे, तर गळ्यावर तलवार असताना जिवाच्या भीतीने दिलेला शब्दसुद्धा त्याच्या मते बांधून टाकतो. बँकेत आम्ही ज्या १८७२च्या करार कायद्याखाली काम करत होतो, त्यात जबरदस्तीने मिळवलेली संमती ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला रद्द करता येते. हॉब्जची कागदपत्रं आमच्या कुठल्याही शाखेत मंजूर झाली नसती.

या निसर्गावस्थेवर दोन बाजूंनी हल्ला झाला. जॉन लॉक म्हणाला, की मुंगसा-कोल्ह्यांच्या उपद्रवातून सुटण्यासाठी सिंहाच्या तोंडी जाण्यात सुरक्षितता मानावी, इतकी माणसं मूर्ख नसतात. त्याच्या मते राज्याविनाही माणसाला बरंवाईट कळतं. अडचण एवढीच, की प्रत्येकजण स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊन बसतो. त्यावर उपाय म्हणून सत्ता नेमायची, पण विश्वस्त म्हणून, आणि विश्वस्ताने अफरातफर केली तर त्याला काढायचं.

दुसरा हल्ला जास्त खोल होता. १७५५ साली, विषमतेवरच्या आपल्या निबंधात, रूसोने विचारलं : ही हाव, हा मत्सर, हा बडेजाव तुम्ही आणलात कुठून? शेजाऱ्यापेक्षा वरचढ दिसण्याची धडपड ही शेजारी असल्यावरच सुरू होते. हॉब्जने आजूबाजूच्या समाजातला माणूस उचलला, त्याच्या डोक्यावरचं सरकार काढलं आणि म्हणाला, हा पाहा निसर्गातला माणूस. कुठलीही निसर्गावस्था वाचताना मला आता हा प्रश्न उपयोगी पडतो. चित्रकाराने आपल्याला हवा तो निष्कर्ष रंगांतच मिसळून ठेवलेला नाही ना? रूसोचा रानातला एकाकी, निरागस माणूसही याच कसोटीला लावला, तर पुरता उतरत नाही.

पण समजा, निसर्गावस्था वाईट होती हे मान्य केलं. तरी सहीचा प्रश्न उरतोच. घराला छप्पर हवं होतं, एवढ्यावरून अमुक कंत्राटदाराला मी काम दिलं, असं सिद्ध होत नाही. हे लॉकला ठाऊक होतं. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने मूक संमतीची कल्पना मांडली. ज्याची त्या राज्यात जमीन आहे, त्याने संमती दिलीच. जो तिथे आठवडाभर मुक्कामाला आहे किंवा नुसता राजरस्त्याने मोकळेपणी चालला आहे, त्याचीही संमती धरायची. ते वाचताना मला आमच्या पत्राच्या तळाचं वाक्य आठवलं.

त्याला सर्वांत कडक उत्तर दिलं ते डेव्हिड ह्यूमने, १७४८च्या 'मूळ कराराविषयी' या निबंधात. तो आधी इतिहास तपासतो. नोंद सापडते ती बहुतेक सगळी राज्यं जिंकून किंवा बळकावून उभी राहिली. प्रजेलाही विचारून पाहा, आपण असा काही करार केला हे तिच्या गावीही नसतं. मग तो मूक संमतीकडे वळतो. गरीब शेतकऱ्याला किंवा कारागिराला परदेशाची भाषा येत नाही, तिथली रीत ठाऊक नाही, रोजच्या मजुरीवर त्याची चूल पेटते. तो देश सोडून गेला नाही म्हणून त्याने राजवट मान्य केली, असं म्हणायचं? मग झोपेत जहाजावर चढवलेल्या माणसाबद्दलही तेच म्हणा. जहाज सोडायचं, तर समुद्रात उडी मारून मरावं लागेल. उडी मारत नाही, म्हणजे कप्तानाची सत्ता त्याने राजीखुशीने स्वीकारली!

ह्यूमचा खरा घाव मात्र याच्याही पुढचा आहे. समजा, सही सापडली. तरी दिलेला शब्द का पाळायचा? कारण शब्द पाळला नाही, तर समाज चालणार नाही. आणि राज्याचे कायदे का पाळायचे? कारण तेही पाळले नाहीत, तर समाज चालणार नाही. दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर राज्याच्या अधिकाराला वचनाच्या खुंटीवर टांगण्यात काय मिळवलं? ती खुंटी त्याच भिंतीत ठोकलेली आहे.

मग गप्प बसण्याला कधीच अर्थ नसतो का? असतो. सभेत अध्यक्ष विचारतात, "पुढची बैठक मंगळवारी ठेवू, कुणाची हरकत?" आणि सगळे गप्प राहतात, तेव्हा ती संमतीच असते. ए. जॉन सिमन्स या अमेरिकन विचारवंताने १९७९ साली याच्या अटी नेमक्या केल्या. त्या माझ्या शब्दांत अशा : आपल्याला विचारलं जातंय हे माणसाला कळलं पाहिजे. हरकत घ्यायला ठरलेला, पुरेसा वेळ हवा. हरकत कशी घ्यायची ते माहीत हवं आणि साधं हवं. आणि हरकत घेतल्याबद्दल त्याचं सर्वनाश करणारं नुकसान होता कामा नये.

आता लॉकचा रस्त्याने चाललेला वाटसरू घ्या. त्याला कुणी काही विचारलेलंच नाही, पहिल्याच अटीला तो बाद. ह्यूमचा जहाजावरचा माणूस जागा झाल्यावर त्याला सगळं कळलं असं धरलं, तरी तो शेवटच्या अटीला अडतो. आणि आमचे आबा? पत्र न वाचता येणाऱ्या भाषेत, हरकत कुठे घ्यायची याचा पत्ता नाही. पंधरा दिवसांची मुदत तेवढी पत्रात होती.

संमती सुटली, तर दुसरा आधार आहे का? एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५ साली न्याय्य वाट्याचा मुद्दा मांडला. इतरांनी नियम पाळून झीज सोसली, त्याचा फायदा तुम्ही घेतलात, तर तुमची पाळी आल्यावर तुम्हीही झीज सोसली पाहिजे. याला रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली दिलेलं उत्तर आपल्याकडे कुणालाही पटावं असं आहे. वस्तीत ध्वनिक्षेपक बसवला आहे. रोज एकेक शेजारी दिवसभर गाणी, गोष्टी ऐकवतो. तुम्ही कधीमधी खिडकीत उभं राहून ऐकलंत, हसलात. १३८ दिवसांनी तुमची पाळी आली. तुम्ही आपला एक दिवस दिलाच पाहिजे का? चौकात कर्णा लावून मग पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या पोरांना वर्गणी देणं निराळं, आणि ती आपण देणं लागतो हे मान्य करणं निराळं.

तरीही नोझिकचं उत्तर सगळीकडे पोचत नाही. गाण्यांवाचून राहता येतं. साथ आवरणं, तंटे मिटवणं, पिण्याचं पाणी यांवाचून राहता येत नाही आणि ही कामं एकट्याने होत नाहीत. तिथे ह्यूमचं साधं उत्तर मला पटतं : या सत्तेवाचून सगळ्यांचं अधिक वाईट होईल, म्हणून ती मानायची. पण मग तिचा अधिकार त्या कामापुरताच. आणि सत्ताधारी जेव्हा म्हणतात, "लोक गप्प आहेत, म्हणजे लोकांना मान्य आहे," तेव्हा त्या चार अटी काढून विचाराव्यात. विचारलं होतं का? कुठल्या भाषेत? किती दिवस दिले? आणि जो नाही म्हणाला, त्याचं पुढे काय झालं?

त्या दिवशी आबांची जादा नोंद मी उलटवली. ते आभार मानून गेले. त्यानंतर मी त्या शाखेत होतो तोवर पत्रासोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी जोडत असे : काही चूक वाटल्यास बाजारच्या दिवशी येऊन मला भेटा. पहिल्याच वर्षी सतराजण आले. त्यांतल्या पाचांच्या खात्यांत चूक आमची होती.