टाकीत चाळीसची हवा

अंबाजोगाईच्या एका वसतिगृहाच्या मागच्या शेडमध्ये सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपाखाली एक निळी बादली ठेवलेली असायची. रोज सकाळी दहाच्या सुमारास ती निम्म्याच्या आत भरे, आणि संध्याकाळी मामा ती झाडांना ओतून टाकत. मामा म्हणजे तिथले जुने कर्मचारी, बॉयलर पेटवण्यापासून मोटार चालू करण्यापर्यंत सगळे त्यांच्याकडे. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, वॉल गळायलाय. दोनदा बदलला. नवा बी तसाच गळायलाय.”

व्हॉल्व्ह दोन्ही वेळा चांगलाच होता. तीन किलोला उघडायचे त्याचे काम तो चोख करत होता. बिघाड होता शेजारच्या लाल टाकीत, म्हणजे एक्सपान्शन व्हेसलमध्ये, आणि तोही लोखंडाचा नव्हे, आतल्या हवेचा.

आधी रचना सांगतो, कारण बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. गच्चीवरचा साधा सोलर हीटर उघडा असतो. त्याला वर हवेचा पाइप असतो, पाणी फुगले की तिथून वाट मिळते, त्यामुळे त्याला असली टाकी लागत नाही. या वसतिगृहात तसे नाही. तळमजल्याच्या शेडमध्ये लाकडावर चालणारा हॉट वॉटर जनरेटर आहे. त्यातले पाणी पंपाने गच्चीवरच्या साठवण टाकीतल्या कॉइलमधून फिरून परत खाली येते. मुलींच्या अंघोळीचे पाणी कॉइलच्या बाहेर, फिरणारे पाणी आत, दोघांची गाठ पडत नाही. बोअरच्या जड पाण्याचा खर जनरेटरमध्ये बसू नये म्हणून केलेली ही सोय. म्हणजे तेच ते 400 लिटर पाणी बंद नळ्यांत वर्षानुवर्षे फिरायला हवे.

आता 25 अंशांचे पाणी 80 अंशांपर्यंत तापवले की ते सुमारे 2.6 टक्के फुगते. 400 लिटरचे होतात 410, आणि वर थोडे. हे दहा लिटर कुठे जाणार? पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून व्हेसलमध्ये रबराच्या पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला वाढीव पाण्याची जागा असते. पाणी फुगले की पडदा हवेला दाबतो, निवले की हवा पाण्याला परत ढकलते. रिकाम्या टाकीत ही हवा आधीच किती दाबाने भरून ठेवायची, यालाच प्रीचार्ज म्हणतात.

“हवा जितकी जास्त, तितकी टाकी दमदार” हा सगळ्यांत पक्का गैरसमज. मामांनीही तेच केले होते. टाकीच्या टोकाला अगदी मोटारसायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो, म्हणून त्यांनी पंक्चरवाल्याला कॉम्प्रेसरसकट बोलावले. “टायरला चाळीस टाकतोत, हिला बी तेवढीच टाकली,” असे त्याने सांगितले होते म्हणे. चाळीस पीएसआय म्हणजे आपल्या गेजवर 2.8 किलो. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो तीनला. मग पाण्याला टाकीत शिरायला उरले काय? दाब 2.8 वर जाईपर्यंत पडदा हलतच नाही, आणि 2.8 पासून 3 पर्यंत त्या 80 लिटरच्या टाकीत जेमतेम 4 लिटर पाणी मावते. फुगलेले साडेदहा, त्यातले चार आत, उरलेले साडेसहा बादलीत. मामांच्या बादलीचा हिशेब असा तंतोतंत जुळत होता.

पण नुसती बादली भरते असे नाही. रात्री भट्टी विझली, पाणी आकसले, की टाकी फक्त चारच लिटर परत देऊ शकते. साडेसहा लिटरची तूट पडते, गच्चीवरच्या वळणात दाब शून्याखाली जातो आणि तिथल्या आपोआप हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून उलट हवा आत ओढली जाते. सकाळी वरच्या पाइपात गुडगुड आवाज येतो, पंप फिरतो पण कॉइल कोमटच राहते. मग मामा कॉक उघडून नवे पाणी भरतात. हे नवे पाणी बोअरचे. तापवल्यावर खाली बसणारी कठीणता त्यात लिटरला 300 मिलिग्रॅम धरली, तरी रोज जवळपास दोन ग्रॅम खर जनरेटरच्या तोंडी जातो, वर्षाला अर्ध्या किलोहून जास्त. (पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक दुसरा स्रोत नसेल तर एकूण कठीणता 600 पर्यंत चालवून घेते, तेव्हा हा आकडा काही फुगवलेला नाही.) ज्या खरापासून वाचण्यासाठी कॉइल बसवली, तोच मागच्या दाराने घरात.

मग हवा किती हवी? आपल्याकडचे मिस्त्री दाब किलोत बोलतात ते इथे फार सोयीचे पडते, कारण दहा मीटर पाण्याच्या उभ्या स्तंभाचा दाब बरोबर एक किलो. टाकीपासून वळणाचा सर्वांत उंच बिंदू किती वर आहे ते मोजायचे. इथे टाकी जमिनीवर आणि कॉइलचा माथा 12 मीटर वर, म्हणजे 1.2 किलो. त्यात 0.3 मिळवायचे, जेणेकरून माथ्यावर थोडा दाब नेहमी शिल्लक राहील. झाले 1.5 किलो, पंक्चरवाल्याच्या भाषेत एकवीस. इमारतीतल्या नळ्यांची लांबी, खोल्यांची संख्या, पंपाचा हॉर्सपॉवर यांचा इथे संबंध नाही, फक्त टाकी पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडलेली हवी. हीच टाकी उद्या गच्चीवर कॉइलशेजारी नेली तर वर चढायला पाणीच नाही, मग अर्धा किलो हवा पुरते. टाकी तीच, इमारत तीच, आकडा वेगळा. म्हणूनच “कारखान्यातून आली तशी बसवायची” हेही चूक. कारखाना एक ठरावीक दाब भरून पाठवतो, त्याला तुमची गच्ची किती उंच ते माहीत नसते.

टाकी गळतेय की काय हे बघायला बरेच जण चालू सर्किटवरच हवेच्या व्हॉल्व्हला गेज लावतात आणि दाब बरोबर आहे म्हणून निश्चिंत होतात. पडद्याच्या एका बाजूने पाणी रेटत असेल तर दुसऱ्या बाजूची हवा तेवढाच दाब दाखवणार. तुम्ही मोजता तो पाण्याचा दाब, प्रीचार्ज नव्हे. प्रीचार्ज मोजायचा तो टाकीची पाण्याची बाजू पूर्ण रिकामी असताना.

आम्ही ते असे केले. आदल्या रात्रीपासून भट्टी बंद, पंप बंद. टाकीच्या आधीचा कॉक बंद केला, कॉक आणि टाकी यांच्यामधला निचरा उघडला आणि तो उघडाच ठेवला. हे महत्त्वाचे, कारण हवा भरताना पडदा मागे सरतो आणि आत राहिलेले पाणी बाहेर पडायला वाट लागते. असा निचरा नसेल तर सगळ्या सर्किटचा दाब शून्यावर आणावा लागतो. मग हवेच्या व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबली. तिथून पाणी उडाले असते तर रबर फाटलेले, पुढचे सगळे व्यर्थ. हवाच आली. गेजवर अडतीस होते. दाबून दाबून एकवीसवर आणले. हे काम सकाळी करावे. मेमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये टाकी तापलेली असते आणि तीच हवा थंडीतल्या पहाटेपेक्षा पाव किलो जास्त दाखवते.

यानंतर निचरा बंद करून टाकीचा कॉक उघडला, आणि मामांनी सवयीने गच्चीवरच्या थंड पाण्याच्या टाकीचा कॉक उघडला. काटा 1.4 वर येऊन थांबला आणि ते समाधानाने माझ्याकडे बघू लागले. इथे आपल्या भागातली खास अडचण आहे. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले असते की नळाच्या लाइनवरून भरा. तिथे नळाला चोवीस तास दाब असतो. आपल्याकडे नळाला पाणी येते ते ठरल्या वारी, हौदात पडते आणि मोटारीने वर चढते. सर्किट भरायचे ते वरच्या टाकीतून, आणि तिच्यातले पाणी शेडपासून 14 मीटरच उंच. म्हणजे जास्तीत जास्त 1.4 किलो. टाकीत हवा 1.5 ची. पाण्याचा एक थेंबही पडद्यापलीकडे जात नाही. पहिल्या दिवशी काही बिघडत नाही, गरम झाल्यावर व्हेसल काम करते. पण थंड असताना राखीव पाणी शून्य, त्यामुळे कुठे ग्लँडमधून चार थेंब गेले की सकाळी पुन्हा गुडगुड. हवाच 1.2 वर आणावी, असा सोपा उपाय मग कुणीतरी सुचवतो. तो करू नये, माथ्याला शिल्लक राहत नाही.

पाइपलाइन तपासायचा हाताचा टेस्ट पंप प्रत्येक प्लंबरकडे असतो. तो जोडून थंड दाब 1.8 वर नेला. आता 80 लिटरच्या टाकीत थंडीतच साडेआठ लिटर पाणी राखीव बसले. भट्टी पेटवली. तासाभरात 80 अंश झाले आणि काटा 2.3 वर स्थिरावला, हिशेबाप्रमाणे. बादली कोरडी.

एक गोष्ट मात्र फसवी आहे. टाकीतली हवा वर्षानुवर्षे झिरपून पार शून्यावर आली, तरीही थंड 1.8 वर भरलेल्या याच सर्किटमध्ये तापल्यावर दाब 3 च्या वर जातो आणि व्हॉल्व्ह गळतो. कारण मग हवेची जागा आधीच पाण्याने खाल्लेली असते, दबायला हवा थोडीच उरते. म्हणजे हवा फार असो की नसो, दिसते एकच, गळणारा व्हॉल्व्ह. बादली बघून हवा कमी करायची की वाढवायची हे कळत नाही. मोजावेच लागते, वर्षातून एकदा तरी. आणि काही ठिकाणी मी त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला सरळ प्लग मारलेला पाहिला आहे. तो दिसला की बाकी काही न बघता आधी भट्टी विझवावी.

दाबाच्या टाकीबद्दलच्या या गोंधळाची मुळे, मला वाटते, प्रेशर पंपाच्या टाकीत आहेत. बंगल्यांत शॉवरला जोर यावा म्हणून लावतात ती. दिसायला हुबेहूब अशीच, तिचीही हवा पंक्चरवालाच भरतो. पण तिथली हवा पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. तिथला नियम इथे लावला की सगळे बिनसते.

मामांनी टाकीवर खडूने लिहिले: हवा 21, थंड 1.8, गरम 2.3, आणि तारीख. आठवड्याने त्यांचा फोन आला, थंड काटा 1.6 वर आलाय म्हणून. नव्या पाण्यात विरघळलेली हवा तापून बाहेर पडते, तेवढी जागा रिकामी होते. टेस्ट पंपाने एकदाच परत 1.8 करा, म्हणून सांगितले. त्यानंतर ती निळी बादली त्यांनी शेडमधून उचलली.