डाउन सिंड्रोम असलेला तरुण अचानक मंदावला, तर आधी थायरॉइड, कान आणि डोळे का तपासायचे?

समजा, लातूर तालुक्यातल्या मुरुडमध्ये (कोकणातलं मुरुड-जंजिरा नव्हे, बार्शी रोडवरचं) एक ३२ वर्षांचा तरुण आहे. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. रोज सकाळी भावाच्या किराणा दुकानात बसायचं, पुड्या बांधून द्यायच्या, ओळखीच्या गिऱ्हाईकांशी गप्पा मारायच्या, असा त्याचा दिवस. पण गेल्या सहा-आठ महिन्यांत त्याचं दुकानात येणं कमी झालंय. हाक मारली तर लक्ष देत नाही, दुपारभर झोपतो, जिना उतरताना भिंत धरतो. वजनही वाढलंय.

घरचे म्हणतात, "त्याचं पहिल्यापासून असंच हाय." एखादे डॉक्टरही म्हणतात, डाउन सिंड्रोममध्ये असं होतंच.

हा तरुण काल्पनिक आहे, पण त्याच्याबाबत होणारी चूक खरी आहे. नव्याने सुरू झालेला त्रास जुन्या निदानाच्या खात्यात टाकला जातो आणि तपासणी राहून जाते. या तरुणाच्या प्रत्येक लक्षणामागे उपचार करता येण्यासारखं वेगळं कारण असू शकतं.

१८ वर्षांनंतर बोलावणारं कोणी नसतं

लहानपणी निदान एक व्यवस्था तरी असते. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतात. त्यांच्या यादीत डाउन सिंड्रोमही आहे. पण हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे. त्यापुढे वेळच्या वेळी तपासणीला घेऊन जाणं घरच्यांवर येतं आणि नेमकं काय तपासायचं, हे त्यांना बहुतेक वेळा कोणी सांगितलेलं नसतं.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण ही मुलं फार जगत नसत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतही डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं. आता ते साठीपर्यंत गेलंय. मोठ्यांसाठी पुराव्यांवर आधारलेली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली ती थेट २०२०मध्ये.

थायरॉइड: लक्षणांची वाट पाहू नका

थायरॉइड ग्रंथी कमी काम करू लागली की माणूस सुस्तावतो. वजन वाढतं, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठता होते, थंडी सोसत नाही. अडचण अशी की कोरडी त्वचा, बद्धकोष्ठता आणि वाढतं वजन डाउन सिंड्रोममध्ये तसंही नेहमी दिसतं. त्यामुळे चेहऱ्याकडे बघून किंवा लक्षणं विचारून काहीच ठरवता येत नाही. रक्तच तपासावं लागतं. म्हणून २०२०च्या तत्त्वांनुसार वयाच्या २१व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी टीएसएच ही तपासणी करायची, तब्येत ठणठणीत वाटत असली तरी.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. टीएसएच वाढणं म्हणजे थायरॉइड कमी पडणं. मेंदूखालची ग्रंथी थायरॉइडला "काम कर" असा जो निरोप पाठवते, तो म्हणजे टीएसएच. थायरॉइड ऐकत नसेल तर निरोप मोठा होत जातो. साधारण ४-४.५पर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. ५ ते १०च्या मधे असेल आणि फ्री टी-४ नॉर्मल असेल, तर लगेच गोळी सुरू न करता दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. डाउन सिंड्रोममध्ये अशी किंचित वाढ बऱ्याचदा दिसते आणि कधीकधी आपोआप उतरतेही. १०च्या वर गेलं तर मात्र बहुधा औषध लागतं.

आपल्या तरुणाचं टीएसएच १४ आलं आणि फ्री टी-४ कमी निघालं, असं धरू. डॉक्टर त्याला थायरॉक्सिनची गोळी देतील. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. आपल्याकडे डोळे उघडले की चहा लागतो, आणि गोळी लागू न पडण्याचं कारण अनेकदा तिथेच सापडतं. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर मधे चार तासांचं अंतर हवं. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघून डोस ठरवतात.

गोळीआधी हृदय का बघायचं?

डाउन सिंड्रोमसह जन्मलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. आज तिशीत असलेल्या अनेकांचा लहानपणी इको झालेलाच नसतो. हृदयात दोष असेल तर थायरॉक्सिन अगदी छोट्या डोसने सुरू करावं लागतं, कारण या औषधाने हृदयाचं काम वाढतं. लहानपणी हृदय ठीक होतं, एवढ्यावरही थांबता येत नाही. मोठेपणी झडपा सैल पडून गळू लागल्याचं काहींमध्ये दिसतं. म्हणून दरवर्षी स्टेथोस्कोपने छाती तपासून घ्या, आणि मोठेपणी एकदाही इको झाला नसेल तर तो करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. दम लागणं, पाय सुजणं किंवा ओठ निळसर होणं, असं काही दिसलं तर थांबू नका.

"ऐकत नाही" की ऐकू येत नाही?

डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते आणि मळ घट्ट बसतो. त्यामुळे सगळ्यात आधी कानात बघून मळ काढून घ्यायचा. (काडी घालू नका, मळ आणखी आत जातो.) मळ काढताना डॉक्टरांना एक सांगा: मान जोरात वाकवू किंवा वळवू नका. या व्यक्तींमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो.

त्यानंतर श्रवण चाचणी. आवाज आला की बटण दाबायचं, हे काहींना जमत नाही. अशा वेळी "सहकार्य करत नाही" असा शेरा घेऊन परत येऊ नका, बेरा चाचणी मागा. ती झोपेतही होते आणि उत्तर द्यावं लागत नाही. वयामुळे येणारा बहिरेपणा इथे तिशीतही सुरू होऊ शकतो, म्हणून दर दोन वर्षांनी चाचणी हवी.

डोळ्यांचंही तसंच आहे. मोतीबिंदू लवकर येतो. जिना उतरताना भिंत धरणं हे त्याचं पहिलं चिन्ह असू शकतं. सतत डोळे चोळणं आणि चष्म्याचा तिरका नंबर वारंवार बदलणं, हे पाहिलं की केराटोकोनस तपासायला सांगा. यात बुबुळ पातळ होऊन पुढे येतं आणि वेळेत कळलं तर ते वाढणं थांबवता येतं.

हे सगळं व्हायच्या आधीच कोणी "डिमेन्शिया" म्हटलं तर? डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर लवकर येतो हे खरं, पण चाळिशीच्या आधी ते निदान करताना फार सावध राहावं, असं २०२०ची तत्त्वं सांगतात. ३२व्या वर्षी आधी टीएसएच, कान, डोळे आणि झोपेत श्वास अडकतोय का, हे बघायचं.

कुठे जायचं?

सुरुवात मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयापासून करता येते. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. टीएसएचचा नमुना तिथे घेतात का, हे जाण्याआधी विचारून घ्या. इको आणि बेरासाठी लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जावं लागेल. ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने हा मोफतचा निर्णय तिला लागू नाही. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' या एक लाखापर्यंतच्या आरोग्य विम्यात ओपीडीचा खर्चही येतो, पण त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन आधी नाव नोंदवावं लागतं.

जाताना एका कागदावर लिहून न्या: सहा महिन्यांपूर्वी तो काय करायचा, आता काय करत नाही आणि नेमका कधीपासून. तो पूर्वी कसा होता, हे डॉक्टरांनी पाहिलेलं नसतं.